७६ विरुद्ध ७६ : गुणतालिकेच्या एका स्क्रीनशॉटवर मिटलेला वाद

वाद एका ओळीच्या उत्तराचा होता. अविनाश आणि सुहास हे जुने मित्र आपल्या मित्रमंडळींसाठी फुटबॉलवरील प्रश्नमंजूषा तयार करत होते आणि अविनाशने लिहिलेला एक प्रश्न असा होता : "२००६-०७ च्या मोसमात स्पेनच्या ला लिगामध्ये पहिल्या दोन संघांचे गुण समान झाले. विजेता कोण ठरला आणि कशाच्या आधारे?" उत्तर म्हणून त्याने 'बार्सिलोना, गोलफरकाच्या आधारे' असे लिहिले होते. सुहासने ते वाचले आणि उत्तराचे दोन्ही भाग चुकीचे असल्याचे सांगितले. त्याच्या मते विजेता रियाल माद्रिद होता आणि तो परस्पर सामन्यांतील निकालांवर ठरला होता.

अविनाशचा विश्वास निराधार नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. बार्सिलोनाने २००४-०५ आणि २००५-०६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली होती, २००६ मध्ये चॅम्पियन्स लीगही जिंकली होती, आणि २००६-०७ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी ५-१ असा मोठा विजय मिळवल्याचे त्याला पक्के आठवत होते. त्यातच समान गुणांचे त्याच्या डोक्यात बसलेले उदाहरण इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे होते. २०११-१२ च्या मोसमात मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड या दोघांचे ८९ गुण झाले, सिटीचा गोलफरक +६४ आणि युनायटेडचा +५६ होता, आणि विजेतेपद सिटीकडे गेले. गुण समान झाले की गोलफरक बघायचा, हा नियम त्याने तिथून उचलला आणि सगळ्या लीगना लावला. त्या मोसमाने त्याला दुसरे काही शिकवणे शक्यही नव्हते, कारण सिटीने युनायटेडविरुद्धचे दोन्ही सामने जिंकले होते, एक ६-१ आणि दुसरा १-० असा. निकष गोलफरकाचा लावा किंवा परस्पर सामन्यांचा, विजेता सिटीच ठरत होता. दोन नियमांतला फरक उघड होण्यासाठी दोघांची उत्तरे वेगळी येतील असा मोसम लागतो, आणि प्रश्नातला मोसम नेमका तसाच होता.

अविनाशने वाद मिटवण्यासाठी आपल्या फोनमधून एक स्क्रीनशॉट पाठवला. कडेचा अनावश्यक भाग कापून त्याने फक्त तालिका ठेवली होती, आणि तिच्यात हे दिसत होते :

| संघ | सामने | विजय | बरोबरी | पराभव | गोलफरक | गुण |
|---|---|---|---|---|---|---|
| बार्सिलोना | ३८ | २२ | १० | ६ | +४५ | ७६ |
| सेव्हिया | ३८ | २१ | ८ | ९ | +२९ | ७१ |
| रियाल माद्रिद | ३८ | २३ | ७ | ८ | +२६ | ७६ |
| व्हॅलेन्सिया | ३८ | २० | ६ | १२ | +१५ | ६६ |
| झारागोझा | ३८ | १६ | १२ | १० | +१२ | ६० |
| अॅटलेटिको माद्रिद | ३८ | १७ | ९ | १२ | +७ | ६० |

खाली त्याने लिहिले होते : "बघ, सगळ्यात वर कोण आहे?"

यावर सुहासला विजेत्यांची यादी शोधून पाठवता आली असती. त्याने ते केले नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत योग्य निर्णय होता. यादीने 'कोण' याचे उत्तर मिळाले असते, 'कशाच्या आधारे' याचे मिळाले नसते. शिवाय अविनाशच्या हातात आकड्यांनी भरलेले एक चित्र होते आणि ते खोटे कसे, हा त्याचा प्रश्न तसाच राहिला असता. सुहासने उत्तर दिले, "तुझाच फोटो घेऊ. त्यातले आकडे मला मान्य आहेत की नाहीत, ते आधी तपासतो."

पहिली तपासणी मोसम पूर्ण झाला आहे की नाही याची होती. ला लिगामध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक संघ उरलेल्या १९ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो, म्हणून पूर्ण मोसमाचे ३८ सामने होतात. चित्रातील सहाही ओळींत ३८ होते, त्यामुळे हा अर्ध्या मोसमातला किंवा एखादा सामना चालू असतानाचा स्क्रीनशॉट नव्हता. ही शंका क्षुल्लक नाही. त्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी मध्यंतराला रियाल माद्रिद आपल्या सामन्यात एका गोलने मागे होता आणि बार्सिलोना आघाडीवर होता, म्हणजे त्या पंधरा मिनिटांत कोणी चालू तालिकेचे चित्र घेतले असते, तर त्यात बार्सिलोना अगदी रीतसर पहिला दिसला असता.

दुसरी तपासणी साध्या बेरजेची होती. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक गुण, या हिशेबाने बार्सिलोनाचे २२ विजयांचे ६६ आणि १० बरोबरींचे १० मिळून ७६ होतात. रियाल माद्रिदचे २३ विजयांचे ६९ आणि ७ बरोबरींचे ७ मिळून तेही ७६ होतात. विजय, बरोबरी आणि पराभव यांची बेरीजही प्रत्येक ओळीत ३८ येत होती. कोणी चित्रातला एखादा आकडा बदलला असता, तर तो बहुधा या दोन बेरजांपैकी एकीत अडकला असता. गोलफरकाच्या रकान्याची अशी तपासणी करता येत नव्हती, कारण केलेले आणि झालेले गोल फोनच्या अरुंद तालिकेत दाखवलेलेच नव्हते. सर्व संघांच्या गोलफरकांची बेरीज शून्य यावी लागते, परंतु त्यासाठी वीसही ओळी हव्यात आणि चित्रात सहाच होत्या. तो रकाना सुहासने तूर्त खरा धरला.

"आकडे बरोबर आहेत," त्याने कळवले. "आता दुसरी ओळ वाच."

दुसऱ्या ओळीत सेव्हिया होता, ७१ गुणांवर. त्याच्या खाली रियाल माद्रिद होता, ७६ गुणांवर.

फुटबॉलच्या कोणत्याही लीगमध्ये बरोबरी कशी सोडवायची याचे नियम निरनिराळे असतील, पण बरोबरीचा प्रश्न गुण समान झाल्यावरच येतो. ७१ गुणांचा संघ ७६ गुणांच्या संघाच्या वर असेल, तर त्या ओळी क्रमवारीने लागलेल्या नाहीत, एवढे निश्चित होते. मग त्या कशाने लागल्या आहेत, हे गोलफरकाचा रकाना वरून खाली वाचला की कळते : ४५, २९, २६, १५, १२, ७. सलग उतरता क्रम. चित्र मोठे करून पाहिल्यावर 'गोलफरक' या शीर्षकाशेजारी खाली रोखलेला एक बारीक बाणही दिसला. तालिका पाहताना त्या शीर्षकावर बोट लागले की ओळी त्या रकान्याप्रमाणे नव्याने लागतात, आणि अविनाशच्या फोनवर नकळत तेच झाले होते. डावीकडचा क्रमांकांचा रकाना त्याने चित्र कापताना काढून टाकला नसता, तर बार्सिलोनासमोर २, सेव्हियासमोर ३ आणि रियाल माद्रिदसमोर १ असे आकडे दिसले असते आणि वाद तिथेच थांबला असता. कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सर्वांत जास्त अडचण हा रकाना नसल्याने होते. तो अरुंद असतो, संघाच्या नावापुढे निरुपयोगी वाटतो, आणि ओळींचा मूळ क्रम सांगणारी खूण एकट्या त्याच्यातच असते.

अविनाशने चित्रातला क्रम निरर्थक असल्याचे मान्य केले, पण उत्तर सोडले नाही. त्याचे म्हणणे आता असे झाले : "ठीक आहे, वरचा क्रम विसर. पण गुण दोघांचे ७६ आहेत आणि गोलफरक ४५ विरुद्ध २६ आहे. मग बार्सिलोनाच पहिला यायला हवा."

हा युक्तिवाद आधीच्या युक्तिवादापेक्षा बराच चांगला होता. त्यात आकड्यांची चूक नव्हती. चूक होती ती न बोललेल्या गृहीतकात, आणि ते गृहीतक या चित्रातून सिद्धही होत नव्हते आणि खोटेही ठरत नव्हते. सुहासने त्याला तेच पान पुन्हा उघडून, कोणत्याही शीर्षकाला हात न लावता आणि काही न कापता, नवा स्क्रीनशॉट घ्यायला सांगितले. त्यात क्रमांकांसह पहिले सात संघ आले : १ रियाल माद्रिद, २ बार्सिलोना, ३ सेव्हिया, ४ व्हॅलेन्सिया, ५ व्हिलारियाल (६२ गुण), ६ झारागोझा, ७ अॅटलेटिको माद्रिद. आकडे तेच होते, फक्त ओळी आपापल्या जागी गेल्या होत्या.

विजेता कोण, हा प्रश्न इथे संपला. +२६ गोलफरकाचा संघ +४५ च्या संघाच्या वर होता, त्यामुळे समान गुणांनंतरचा पहिला निकष गोलफरक नाही, हेही या एका जोडीवरून सिद्ध झाले.

तरीही 'कशाच्या आधारे' उरलेच होते, आणि अविनाशने लगेच एक पर्याय सुचवला. रियाल माद्रिदचे विजय २३ आणि बार्सिलोनाचे २२. काही लीगमध्ये गुण समान झाल्यावर आधी विजयांची संख्या पाहतात, ब्राझीलची राष्ट्रीय लीग त्यांपैकी एक आहे. "मग ज्याचे विजय जास्त तो वर," असे तो म्हणाला. पहिल्या दोन ओळींपुरते पाहिले, तर हा नियम तालिकेशी तंतोतंत जुळत होता.

मला हा टप्पा संपूर्ण प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बहुतेक वाद इथेच चुकीच्या उत्तरावर मिटतात. एक जोडी एका नियमाशी जुळली, म्हणजे तोच नियम वापरला गेला असे होत नाही. तपासायला समान गुणांची दुसरी जोडी हवी, आणि ती त्याच चित्रात खाली होती. झारागोझा आणि अॅटलेटिको माद्रिद या दोघांचे गुण ६० होते. झारागोझाचे विजय १६ आणि अॅटलेटिकोचे १७, तरी झारागोझा सहावा आणि अॅटलेटिको सातवा. विजयांची संख्या हा निकष असता, तर हे दोन संघ उलट क्रमाने आले असते.

आता दोन्ही जोड्या शेजारी ठेवून पाहिले, तर तालिकेतला प्रत्येक रकाना एकेक करून बाद होतो. वरच्या जोडीत जास्त गोलफरकाचा संघ खाली आहे, म्हणून गोलफरक बाद. खालच्या जोडीत जास्त विजयांचा संघ खाली आहे, म्हणून विजय बाद. पराभवांची संख्या घेतली, तर रियाल माद्रिदचे ८ आणि बार्सिलोनाचे ६, तरी रियाल वर आहे, म्हणून तोही निकष बाद. चित्रात नसलेले एकूण गोल घेतले, तरी रियालचे ६६ आणि बार्सिलोनाचे ७८ होते, म्हणजे तिथेही उत्तर उलटेच येते. या दोन जोड्यांचा क्रम ठरवणारी गोष्ट तालिकेच्या कोणत्याही रकान्यात नव्हती. ती शोधण्यासाठी तालिका सोडून सामन्यांच्या निकालांकडे जाणे भाग होते.

ला लिगाचा नियम असा आहे की, दोन संघांचे गुण समान असतील, तर त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध खेळलेल्या दोन सामन्यांत कोणी जास्त गुण मिळवले ते आधी पाहायचे. तेही समान असतील, तर त्याच दोन सामन्यांतला गोलफरक पाहायचा. आणि तिथेही निकाल लागला नाही, तरच संपूर्ण मोसमाच्या गोलफरकाकडे वळायचे. अविनाशने ज्याला पहिली पायरी मानले होते, ती इथे तिसरी आहे. दोनपेक्षा जास्त संघ समान गुणांवर असतील, तर फक्त त्या संघांच्या आपापसातील सामन्यांची एक छोटी तालिका मांडून तेच करतात.

२००६-०७ मधले ते दोन सामने सुहासला तोंडपाठ होते. २२ ऑक्टोबर २००६ रोजी सांतियागो बेर्नाबेऊवर रियाल माद्रिदने २-० असा विजय मिळवला. राऊल आणि रूड व्हॅन निस्टलरॉय यांनी गोल केले. १० मार्च २००७ रोजी कॅम्प नोऊवर सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. रियालने तीनदा आघाडी घेतली आणि लिओनेल मेस्सीने तिन्ही वेळा ती पुसून काढली, शेवटची तर भरपाई वेळेत. एक विजय आणि एक बरोबरी, म्हणजे रियालचे ४ गुण, बार्सिलोनाचा १. दुसऱ्या पायरीपर्यंत जाण्याचीही वेळ आली नाही.

अविनाशला मेस्सीचे ते तीन गोल चांगले आठवत होते, आणि त्या सामन्याचा विजेतेपदाशी काय संबंध होता ते त्याला आता दिसू लागले. तिसऱ्या गोलाने बार्सिलोनाचा पराभव टळला, परंतु ऑक्टोबरमधल्या पराभवाची भरपाई करायला बरोबरी पुरेशी नव्हती. १० मार्चच्या रात्रीपासून मोसमाचे गणित बदलले होते. परस्पर सामन्यांचा निकष लागू होण्यासाठी त्या दोन संघांचे दोन्ही सामने झालेले असावे लागतात. ते झाल्यावर रियाल माद्रिदला समान गुणांवर राहणे पुरेसे होते आणि बार्सिलोनाला एका गुणाने तरी पुढे असणे आवश्यक होते. तालिकेत गुण सारखे दिसत असले, तरी प्रत्यक्षात रियाल पुढे होता.

यामुळे शेवटच्या दोन फेऱ्याही अविनाशला वेगळ्या दिसल्या. ९ जून २००७ रोजी दोन्ही संघ ७२ गुणांवर होते. रियाल माद्रिद झारागोझाविरुद्ध २-१ ने मागे होता आणि बार्सिलोना आपल्याच शहरातल्या एस्पान्योलविरुद्ध २-१ ने पुढे होता. सामने असेच संपले असते, तर बार्सिलोना तीन गुणांनी पुढे जाऊन शेवटच्या फेरीत उतरला असता. पण अगदी शेवटच्या मिनिटांत व्हॅन निस्टलरॉयने झारागोझाविरुद्ध बरोबरीचा गोल केला आणि काही सेकंदांच्या अंतराने राऊल तामुदोने एस्पान्योलसाठी तसाच गोल केला. दोन्ही सामने २-२ असे सुटले, दोघे ७३ वर आले आणि नियमाचा लाभ पुन्हा रियालकडे राहिला. १७ जूनला बार्सिलोनाने जिम्नॅस्टिकवर मिळवलेल्या ज्या ५-१ विजयावर अविनाशचा एवढा भरवसा होता, त्या विजयातले जास्तीचे तीन गोल विजेतेपदाच्या हिशेबात कुठेच मोजले जाणार नव्हते. बार्सिलोनाला पाच गोलांची नव्हे, तर रियालने मायोर्काविरुद्ध गुण गमावण्याची गरज होती. मध्यंतराला तशी शक्यता होती, पण रियालने सामना ३-१ असा जिंकला आणि दोन्ही संघ ७६ वर थांबले.

"म्हणजे माझा फोटो खरा होता, पण त्याने माझेच म्हणणे खोटे ठरवले," अविनाश म्हणाला.

सुहासला हे पूर्णपणे पटले नाही. त्याच्या मते त्या कापलेल्या चित्राने एवढेच ठरवले होते की मोसम पूर्ण आहे, दोघांचे गुण समान आहेत आणि ओळींचा क्रम विश्वासार्ह नाही. विजेता दुसऱ्या, न कापलेल्या चित्राने ठरवला, आणि त्यामागचे कारण दोन्ही चित्रांच्या बाहेर, दोन सामन्यांच्या निकालांत होते. मला सुहासची मांडणी अधिक नेमकी वाटते. मात्र अविनाशच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की, पहिल्या चित्रात सेव्हिया दुसऱ्या ओळीत आला नसता, तर ही चौकशी सुरूच झाली नसती. सेव्हियाचा गोलफरक रियालच्या गोलफरकापेक्षा अवघ्या तीनने जास्त होता. तो रियालपेक्षा कमी असता, तर गोलफरकाने लावलेल्या त्या चित्रातल्या पहिल्या चार ओळी बार्सिलोना, रियाल माद्रिद, सेव्हिया, व्हॅलेन्सिया अशा आल्या असत्या, गुणही ७६, ७६, ७१, ६६ असे व्यवस्थित उतरते दिसले असते, आणि त्यातली गडबड वरवर पाहून कोणाच्याही ध्यानात आली नसती. तो बारीक बाण सोडला, तर खाली व्हिलारियालची ओळ नसणे एवढीच एक खूण उरली असती, आणि नसलेली ओळ शोधायला मूळ क्रम आधीच माहीत असावा लागतो.

प्रश्नमंजूषेच्या कागदावर अविनाशने जुने उत्तर खोडले आणि लिहिले : 'रियाल माद्रिद, परस्पर सामन्यांत ४ गुण विरुद्ध १'. नंतर त्याने प्रश्नही बदलला. नव्या प्रश्नात रियाल माद्रिद, बार्सिलोना, झारागोझा आणि अॅटलेटिको माद्रिद यांच्या चार ओळी क्रमांकांसह दिल्या आहेत, आणि विचारले आहे की, समान गुणांवरचा क्रम गोलफरकाने किंवा विजयांच्या संख्येने लागलेला नाही, हे केवळ या चार ओळींवरून कसे सिद्ध कराल.